शोकसभेत वाजलेली धून शोधताना

श्रद्धांजली सभेत भाषणं संपतात, लोक उभे राहतात आणि कुठून तरी एक संथ धून सुरू होते. शब्द नसतात, निवेदक नाव सांगत नाही आणि त्या वेळी कुणाला विचारणंही बरं दिसत नाही. घरी आल्यावर मात्र ती धून डोक्यातून जात नाही. अशी धून पुढे शोधता येते. त्यासाठी आठवणीतल्या कुठल्या गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा, हे आधी कळायला हवं. हा लेख त्याविषयी आहे. पुढे एका प्रसिद्ध धुनेचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून दाखवला आहे.

खिन्नपणाचा धागा कच्चा

शोधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा ‘दुःखी धून’, ‘करुण संगीत’ अशा शब्दांनी सुरुवात करतो. त्यातून हाती काही लागत नाही, कारण करुणपणा पुष्कळदा धुनेत नसून वाजवण्यात असतो. लय निम्म्यावर आणली, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाएवढी जागा सोडली आणि आवाज दबका ठेवला, तर साधी प्रार्थनाही हृदयाला पीळ पाडते. त्यात आपण ती कुणाच्या तरी तसबिरीसमोर उभे राहून ऐकलेली असते.

कोमल स्वर असले की धून दुःखाची आणि सगळे शुद्ध असले की आनंदाची, हा समजही इथे उपयोगाचा नाही. शोकप्रसंगी वाजणाऱ्या कित्येक धुना सगळ्या शुद्ध स्वरांच्या असतात. म्हणून भाव आणि लय बाजूला ठेवावी आणि तीन गोष्टी आठवाव्यात: कोणती वाद्यं होती, वरच्या सुरांखाली काय चाललं होतं, आणि सूर कसे चढत-उतरत होते.

वाद्यावरून काय कळतं

वाद्यावरून धुनेचं नाव फार क्वचित कळतं. ती कोणत्या परंपरेतली आहे, हे मात्र बऱ्याचदा कळतं आणि शोधाचं क्षेत्र एकदम आकुंचित होतं.

बिगुलाचं उदाहरण घ्या. बिगुलाला दट्टे किंवा छिद्रं नसतात. वादक ओठांचा ताण बदलून एकाच नळीतून जे नैसर्गिक स्वर निघतात तेवढेच वाजवतो. व्यवहारात हे पाच स्वर होतात: खालचा सा, त्याच्या वर प, मग वरचा सा, वरचा ग आणि वरचा प. रे, म, ध, नि तिथे मिळतच नाहीत. त्यामुळे एकटं पितळी वाद्य या मोजक्या स्वरांवर उड्या मारत वाजलं असेल आणि त्यानंतर स्तब्धता पाळली गेली असेल, तर ती बहुधा ‘लास्ट पोस्ट’ असते. ब्रिटिश सैन्यात दिवसाची शेवटची गस्त संपल्याचा हा इशारा होता, पुढे तो हुतात्म्यांच्या मानवंदनेचा भाग झाला. त्यात ‘गाणं’ शोधत बसलात तर शब्द सापडणार नाहीत, कारण तो मुळात सैनिकी संकेत आहे.

सारंगीची गोष्ट निराळी. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणीवर सारंगी ऐकू येई, त्यामुळे एका पिढीच्या कानात सारंगी म्हणजे शोक हे समीकरण पक्कं बसलं. या वाद्यावर, आणि ते गाण्याच्या तोडीचं स्वतंत्र वाद्य म्हणून उभं करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या पंडित रामनारायण यांच्यासारख्या कलावंतांवर, हा अन्याय होता असं मला मनापासून वाटतं. शोधणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की सारंगीवर ठेक्याशिवाय, स्वर लांबवत, मींड घेत चाललेलं वादन बहुधा आलाप असतं. तिथे ‘गाणं कोणतं’ हा प्रश्न लागू पडत नाही. ‘राग कोणता’ हे विचारावं, आणि ते गाण्याची तालीम घेतलेल्या जाणकाराला विचारावं.

हल्लीच्या प्रार्थनासभांत एक नवी अडचण आहे. कोपऱ्यात बसलेला कीबोर्डवादक एकाच पेटीतून बासरी, व्हायोलिन आणि संतूर काढतो. ऐकणारा ‘बासरी होती’ असं सांगतो आणि बासरीच्या ध्वनिमुद्रिका चाळत बसतो. खऱ्या बासरीत स्वर लागण्याआधी फुंकरीचा बारीक आवाज येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा कानाला लागते. कीबोर्डचे स्वर सुटेसुटे आणि एकसारखे सुरू होतात. तसं आठवत असेल तर ‘बासरी’ हा शब्द शोधातून काढून टाका. बहुधा ती एखाद्या प्रसिद्ध प्रार्थनेची किंवा चित्रपटगीताची वाद्यावरची प्रत असते.

खालच्या सुरांकडे कान द्या

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित खूण इथे आहे. भजनात, अभंगात किंवा रागदारीत खाली षड्ज अखंड चालू असतो, तानपुऱ्याचा, स्वरपेटीचा किंवा हार्मोनियमच्या दाबून धरलेल्या पट्टीचा. वरची चाल कुठेही जावो, तो हलत नाही.

चर्चच्या स्तोत्रपरंपरेतली धून याच्या उलट वागते. तिथे चार आवाज एकत्र चालतात आणि वरचा स्वर बदलला की खालचेही जवळजवळ प्रत्येक ठोक्याला बदलतात. पितळी बँड हे चार आवाज ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांच्यात वाटून घेतो. ऐकणाऱ्याला नावं माहीत नसली तरी ‘खालून भरीव आवाज पावलं टाकत होता’ एवढं आठवतं, आणि तेवढं पुरतं. तबला नाही, झांजा नाहीत, खाली स्थिर षड्ज नाही आणि सगळे स्वर एकदम बदलतात असं असेल तर भजनांच्या याद्या बाजूला ठेवून स्तोत्रांकडे वळावं.

धून लिहून ठेवण्याची रीत

सभेतून बाहेर पडल्यावर पहिलं काम म्हणजे फोनवर ती धून गुणगुणून ठेवणं. दुसरं गाणं कानावर पडण्याआधी हे करावं, कारण नव्या चालीनं जुनी चटकन बिघडते. शब्द रचू नका, ‘ला ला’ पुरे.

मग षड्ज शोधायचा. बहुतेक प्रार्थनागीतं ज्या स्वरावर येऊन थांबतात, जिथे पुढे काही यावं असं वाटत नाही, तो सा धरावा. हार्मोनियम किंवा फोनवरची पेटी घेऊन तो स्वर पांढरी एकवर आणा आणि तिथून बाकीची चाल चाचपडत वाजवा. सभेत ती कोणत्या पट्टीत वाजली याला महत्त्व नाही, स्वरांमधलं अंतर तेवढं कामाचं.

हेही जमत नसेल तर त्याहून सोपी पद्धत आहे. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये धुनांचा एक कोश काढला. त्यात प्रत्येक धून फक्त तीन खुणांनी नोंदवली होती: पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तोच राहिला. किती वर, किती खाली, किती वेळ, यातलं काहीच लागत नाही. संगणकावर या खुणा `U`, `D` आणि `R` अशा लिहितात, आणि पहिल्या स्वरासाठी `*` ही खूण करतात. `Musipedia` या संकेतस्थळावर या पद्धतीनंही शोधता येतं. दहा-पंधरा खुणा बरोबर असल्या की हजारो धुनांतून मोजक्याच उरतात.

एक शोध: बँड, घंटा आणि चार ओळी

समजा, पुण्यातल्या एका निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याच्या श्रद्धांजली सभेत ध्वनिमुद्रित धून लावली होती. ऐकणाऱ्याला आठवतं ते असं: पितळी बँड, फार संथ, मध्येच दुरून उत्तर दिल्यासारख्या घंटा, ताल धरणारं वाद्य नाही, चाल साधारण चार ओळींची आणि मग पुन्हा तीच.

वाद्यांवरून सैन्याचा किंवा चर्चचा बँड हे ठरतं. स्वर बिगुलाच्या पाचांपुरते नाहीत, चाल शेजारच्या स्वरांवरून पायऱ्यांनी उतरते, म्हणजे ‘लास्ट पोस्ट’ गेली. बँडवर वाजणारी दुसरी प्रसिद्ध शोकधून म्हणजे शोपँच्या दुसऱ्या पियानो सोनाटातलं शवयात्रेचं संचलन. त्याची सुरुवात एकाच स्वराच्या अडखळत्या पुनरावृत्तीनं होते, खाली दोनच स्वरसमूह घड्याळाच्या लंबकासारखे आलटून पालटून येतात आणि गंधार कोमल असतो. आपल्या ऐकणाऱ्याच्या गुणगुणण्यात गंधार शुद्ध आहे आणि तोच स्वर ओळीनं अनेकदा येत नाही. तेही गेलं.

आता पेटीवर वाजवून पाहिलं तर पहिली ओळ अशी येते: ग ग रे सा प, ध प प म ग. गंधारावर दोनदा थांबून चाल सा-पर्यंत उतरते, तिथून एकदम पंचमावर उडी घेते, धैवताला स्पर्श करून पुन्हा हळूहळू गंधारापर्यंत खाली येते. चढ-उताराच्या खुणांत ती अशी दिसते:

```
*RDDUUDRDD
```

स्तोत्रांच्या चालींसाठी `Hymnary.org` हे संकेतस्थळ आहे. तिथे चालीची सुरुवात आकड्यांत दिलेली असते: सा म्हणजे १, रे म्हणजे २, याप्रमाणे. आपली ओळ आकड्यांत मांडली की होते:

```
33215 65543
```

या सुरुवातीची चाल तिथे `EVENTIDE` या नावानं नोंदलेली आहे. इथे अनेकांचा शोध थबकतो, कारण हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. स्तोत्रांच्या जगात शब्दांना एक नाव असतं आणि चालीला वेगळं. ‘ईव्हनटाइड’ ही चाल विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये बांधली. ती ज्या शब्दांसाठी बांधली ते म्हणजे ‘अबाइड विथ मी’. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅमचे धर्मोपदेशक हेन्री फ्रान्सिस लाइट यांचं हे स्तोत्र १८४७ सालचं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला.

भारतात ही चाल एवढी ओळखीची होण्याचं कारण दिल्लीत आहे. महात्मा गांधींना हे स्तोत्र प्रिय होतं. २९ जानेवारीला विजय चौकात होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्याच्या अखेरच्या भागात सैन्यदलांचे बँड ते अनेक दशकं वाजवत आले, आणि त्या वेळी दुरून घंटांचे स्वर येत. ऐकणाऱ्याच्या आठवणीतल्या घंटा इथल्या आहेत. २०२२ पासून ही धून त्या सोहळ्यातून वगळली गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून आत आली. कवी प्रदीप यांचं, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेलं आणि लता मंगेशकरांनी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत गायलेलं हे गीतही चीनच्या युद्धात गेलेल्या जवानांच्या स्मरणाचंच आहे. त्यामुळे ‘बीटिंग रिट्रीटची ती संथ धून’ असं कुणी सांगितलं की कोणत्या वर्षाचा सोहळा, हे विचारावंच लागतं.

दोन मध्यमांचा चकवा

याच शोधात गाण्याची तालीम असलेली माणसं एका वेगळ्या ठिकाणी फसतात. ‘ईव्हनटाइड’ची दुसरी ओळ अशी आहे: ग म प ध प, म रे ग तीव्र म प. पेटीवर पांढरी एकचा सा धरून वाजवली तर सगळी चाल पांढऱ्या पट्ट्यांवर बसते, आणि फक्त या ओळीच्या शेवटून दुसऱ्या स्वराला बोट काळी तीनवर जातं. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम कानावर पडले की आपल्याकडच्या जाणकाराच्या मनात लगेच केदार किंवा बिहाग उभा राहतो.

केदाराचा संशय तर अगदी साहजिक आहे, कारण शोकसभांत आणि शाळांत वाजणारी एक प्रार्थना त्याच रागावर आहे: ‘गुड्डी’ या १९७१ च्या चित्रपटातली ‘हमको मन की शक्ति देना’, गुलजारांचे शब्द, वाणी जयराम यांचा आवाज आणि संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसाई यांचं. कीबोर्डवर संथ लयीत वाजवली तर तीही ओळखायला वेळ लागतो.

दोन्हींतला फरक शुद्ध मध्यमाच्या वागण्यात आहे. केदारात चाल सा-वरून थेट म-वर जाते आणि तिथे ठाण मांडते, मध्यम हा त्या रागाचा प्राण आहे. ‘ईव्हनटाइड’मध्ये शुद्ध मध्यम कुठेच विसाव्याचा स्वर नाही, आणि तीव्र मध्यम फक्त एकदा, पंचमावर चढायची पायरी म्हणून येतो. पाश्चात्त्य चालींत ओळ पंचमावर संपवायची असली की असा स्वर हमखास वापरतात. तो एकट्यानं आला म्हणून रागाचं नाव देण्याची घाई करू नये. आधी खालचा षड्ज स्थिर होता की खालचे सूर हलत होते, हे आठवावं. हलत असतील तर रागाचा विचार सोडून द्यावा.

फोनचं ॲप कुठे अडतं

पुष्कळ जण ॲपनं न ओळखल्यावर शोध सोडतात, म्हणून ॲपच्या कामाची पद्धत माहीत असावी. `Shazam`सारखं ॲप धून ओळखत नाही, ते ध्वनिमुद्रण ओळखतं. आवाजातल्या ठळक कंपनांचा एक ठसा काढून तो साठवलेल्या ठशांशी ताडून बघतं. सभेत तीच मुद्रित प्रत वाजत असेल तर ते काही क्षणांत उत्तर देईल. समोर बसून कुणी वाजवत असेल तर ठसा जुळणारच नाही, मग वादक कितीही बरोबर वाजवो.

गुगलच्या ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून शोधण्याची सोय आहे. ती चालीचा आराखडा पाहते, त्यामुळे तिथे आपल्या आवाजातलं गुणगुणणं चालतं. दहा-पंधरा सेकंद, एका लयीत, ओळीच्या सुरुवातीपासून म्हणावं. संथ धून थोडी जलद म्हटली तर बरं, कारण लांबलेल्या स्वरावर आपला आवाज डगमगतो आणि एका स्वराचे दोन होतात. ठेका नसलेल्या आलापापुढे मात्र ही सोय हतबल होते, आणि ज्यांची मुद्रणं फारशी उपलब्ध नाहीत अशा स्थानिक भजनांपुढेही.

जुळली हे कशावरून

एखादं नाव हाती आलं की पहिली ओळ जुळल्यावर लोक थांबतात. पहिली ओळ पुरेशी नसते. सारख्या सुरुवातीच्या चाली भरपूर आहेत, आणि दुःखाच्या प्रसंगी ऐकलेल्या धुनेबाबत मन होकार द्यायला उतावीळ असतं.

‘ईव्हनटाइड’ची खात्री करायची तर पुढच्या ओळी तपासाव्यात. दुसरी वर सांगितल्याप्रमाणे पंचमावर थांबते. तिसरी पहिलीसारखीच सुरू होते, ग ग रे सा प, पण पुढे वेगळ्या वाटेनं जाते: प म म ग रे. ती ऋषभावर, अधांतरी थांबते. चौथी तिथूनच उचलते आणि रे ग म ग रे सा, म ग रे सा अशी घरी येते. प्रत्येक ओळीत दहा स्वर आहेत, कारण मूळ शब्दांच्या प्रत्येक ओळीत दहा अक्षरं आहेत. शिवाय संपूर्ण चाल सा ते ध या सहा स्वरांत मावते, त्याच्या वर किंवा खाली ती कुठेच जात नाही. आठवणीतल्या धुनेत वरचा षड्ज ठळकपणे लागत असेल, तर ती ही नाही.

तपासताना एकच प्रत ऐकू नका. चर्चमधला समूह, ऑर्गन, बँड आणि एकटं व्हायोलिन यांच्या लयी इतक्या वेगळ्या असतात की एक ऐकून ‘ही नाहीच’ असं वाटतं आणि दुसरी ऐकताच ओळख पटते.

चाल सापडली, शब्द कोणते?

चाल कळली म्हणजे सभेत कोणतं गीत अभिप्रेत होतं ते कळलं, असं नाही. स्तोत्रांच्या चाली एका भाषेतून दुसरीत सहज जातात. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या संग्रहातून गायन होतं. त्यात एकीकडे नारायण वामन टिळकांची अस्सल देशी वळणाची भजनं आहेत आणि दुसरीकडे पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी पदं. म्हणून अहिल्यानगर किंवा पुण्याच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या सभेत इंग्रजी चाल वाजली तरी बसलेल्यांच्या ओठांवर मराठी शब्द असू शकतात. ते शब्द हवे असतील तर संग्रहातलं गीत चर्चच्या गायकवृंदातल्या माणसाकडून समजून घ्यावं.

नेमकं तेच ध्वनिमुद्रण हवं असेल तर चालीचं नाव पुरत नाही, कारण एकेका चालीची शेकडो मुद्रणं असतात. तिथे पुन्हा वाद्यांकडे यावं लागतं. घंटा असलेला सैनिकी बँड हवा असेल तर २०२१ पर्यंतच्या ‘बीटिंग रिट्रीट’ची मुद्रणं आधी ऐकावीत. आता बऱ्याच सभांचं चित्रीकरण होतं किंवा त्या परगावच्या नातेवाइकांसाठी थेट दाखवल्या जातात, तेव्हा स्तब्धतेच्या आधीची आणि नंतरची दोन-तीन मिनिटं तिथे मिळू शकतात. सभागृहाचा ध्वनियोजक हाही चांगला दुवा असतो, गाण्याची फाइल बहुधा त्याच्याच हातून लागलेली असते.

घरच्यांना विचारायचं तर तेराव्यानंतर विचारावं, आणि ज्यानं सभेची व्यवस्था पाहिली त्या पुतण्याला किंवा जावयाला विचारावं. विचारताना धून गुणगुणून दाखवावी. ‘ते दुःखी संगीत कोणतं होतं’ असं विचारलं तर त्याला सभेतल्या चारही धुना आठवतील, आणि आपल्याला हवी ती त्यातली कोणती हे तो सांगू शकणार नाही.